आमची वाटचाल : रोजची एंट्री आणि महिन्याचा रिपोर्ट

आमचं काम म्हणजे दुसऱ्यांचे हिशोब सांभाळणं. नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीतले छोटे वर्कशॉपवाले, एकदोन हार्डवेअरची दुकानं, पिंपळगाव बाजूचे थोडे व्यापारी, असे आमचे क्लायंट. सुरुवातीला मी एकटाच होतो, संध्याकाळी पार्टीच्या ऑफिसात जाऊन टॅलीत बिलं टाकायचो आणि व्हॅटचं रिटर्न भरलं की महिना संपला असं वाटायचं. २०१७ च्या जुलैत जीएसटी आलं आणि काम एकदम वाढलं, मग कॅनडा कॉर्नरजवळ एक खोली घेतली, मुलंमुली ठेवली, आणि हळूहळू क्लायंट नुसतं रिटर्न नाही तर दर महिन्याला रिपोर्ट मागायला लागले. म्हणजे मटेरियलवर किती सुटले, कोणाकडे किती थकलेत, स्टॉक किती पडून आहे. आता आमचं नाव जे काही आहे ते या रिपोर्टवर आहे, आणि रिपोर्ट चांगला व्हायचं खरं श्रेय आमच्या टीम लीडला जातं. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणतात, मीसुद्धा.

नवीन मुलं जॉइन झाली की ताई त्यांना कॉम्प्युटरवर बसवायच्या आधी सगळ्यांना एकत्र घेऊन थोडं बोलते. जुने पण बसतात. मागच्या वेळी मी मागे खुर्ची टाकून पूर्ण ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं की आपल्या वाटचालीबद्दल लिहायचं तर हेच लिहायचं.

तिने एका वर्कशॉपचे जुने कागद समोर ठेवले. हे क्लायंट आमच्याकडे नंतर आले, तेव्हा त्यांचं काम दुसरीकडे चालायचं. एमएस राउंड बार आणायचा, लेथवर पार्ट करायचे आणि कंपन्यांना द्यायचे, असा त्यांचा धंदा. मालक आमच्याकडे आले तेच वैतागून. म्हणाले, एका महिन्यात मला दाखवतात ५३ टक्के मार्जिन आणि पुढच्याच महिन्यात २७, माल तोच, रेट तोच, कामगार तेच, मग पैसा जातो कुठे? त्यांना स्टोअरमधल्या माणसावर संशय यायला लागला होता.

ताईने फळ्यावर आकडे मांडले, समजायला सोपे पडावेत म्हणून राउंड केलेले, आणि पगार वीज वगैरे सोडून नुसता मटेरियलचा हिशोब. जुलैत विक्री १८ लाख. महिन्याच्या सुरुवातीला स्टॉक ३ लाख, पुस्तकात खरेदी ९ लाख ६० हजार, आणि ३१ तारखेला मोजून आलेला स्टॉक ४ लाख २० हजार. ३ लाखात खरेदी मिळवा, शेवटचा स्टॉक वजा करा, तर वापरलेलं मटेरियल ८ लाख ४० हजार. १८ लाखातून ते गेलं की उरले ९ लाख ६० हजार, म्हणजे ५३ टक्के.

मग तिने विचारलं, "यात चूक कुठे आहे सांगा." सगळे बेरीज वजाबाकी तपासायला लागले. बेरीज बरोबरच होती. ट्रायल बॅलन्स पण जुळत होता.

ती म्हणाली, "२९ जुलैला २ लाख ४० हजारांचा बार आला होता. बिल ड्रायव्हरबरोबरच आलं, स्टोअरवाल्याने सही केली आणि फाइलला लावून ठेवलं. ३१ ला स्टॉक मोजला तेव्हा बार रॅकवर होता, म्हणून तो स्टॉकमध्ये धरला गेला. बिल अकाउंटवाल्याकडे पोचलं ३ ऑगस्टला आणि त्याने ३ ऑगस्टच्याच तारखेला व्हाउचर टाकलं. म्हणजे माल जुलैत आणि त्याची खरेदी ऑगस्टमध्ये. आता जुलैच्या खरेदीत २ लाख ४० हजार मिळवून बघा."

मिळवलं तर खरेदी १२ लाख, वापर १० लाख ८० हजार, उरले ७ लाख २० हजार, म्हणजे ४० टक्के. ऑगस्टचं पण तसंच. त्या महिन्यात विक्री १८ लाखच, सुरुवातीचा स्टॉक ४ लाख २० हजार, शेवटचा ३ लाख ६०, खरी खरेदी १० लाख २० हजार. हिशोब केला की पुन्हा बरोबर ४० टक्के. पण पुस्तकात खरेदी दिसत होती १२ लाख ६० हजार, कारण जुलैचं बिल तिथे येऊन बसलं, म्हणून मार्जिन २७ टक्क्यांच्या खाली. दोन्ही महिने धंदा सारखाच चालला होता, कोणी चोरी केली नव्हती, फक्त एका व्हाउचरची तारीख पाच दिवस पुढे गेली होती. आणि मधल्या काळात मालकांनी ५३ टक्के बघून एका कंपनीला रेट कमी करून दिला होता, तो काही परत वाढवून मिळाला नाही.

एका मुलाने विचारलं, बिलाची तारीख तर टाकली असेल ना? टाकली होती. टॅलीत परचेस व्हाउचरला सप्लायरचा बिल नंबर आणि त्याची तारीख टाकायला वेगळी जागा असते, तिथे २९ जुलै व्यवस्थित होतं. पण रिपोर्टमध्ये खरेदी कुठल्या महिन्यात धरायची हे वरच्या व्हाउचरच्या तारखेवर ठरतं, सप्लायरची तारीख तिथे नुसती माहिती म्हणून राहते. आणि व्हाउचरची तारीख तुम्ही F2 दाबून बदलेपर्यंत मागचीच राहते, म्हणून गठ्ठ्याने बिलं टाकणारा माणूस सगळी एकाच तारखेला टाकून मोकळा होतो. हे मी स्वतः बऱ्याच जुन्या पुस्तकांत बघितलंय, महिन्याची चाळीस बिलं आणि तारखा चारच.

ट्रायल बॅलन्सबद्दल ताई फार ठासून सांगते आणि मला ते पटतं. जुळला म्हणजे नावे आणि जमा सारखे आहेत एवढंच कळतं. बिल चुकीच्या महिन्यात टाका, चुकीच्या खात्यात टाका, अख्खं बिल टाकायचंच राहू द्या, तरी तो जुळतोच. त्यामुळे जुळला की काम संपलं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

मग प्रश्न येतो की जीएसटीच्या मॅचिंगमध्ये हे सापडत नाही का. सापडतं, पण उशिरा. सप्लायर ११ तारखेपर्यंत त्याचं रिटर्न भरणार, १४ तारखेला सप्लायरांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी म्हणजे जीएसटीआर-२बी तयार होणार, त्यात ते बिल जुलैचं दिसणार आणि पुस्तकात ऑगस्टचं, तेव्हा फरक कळणार. आमचा रिपोर्ट ७ तारखेला गेलेला असतो आणि मालकाने तो बघून कोटेशन पण दिलेलं असतं. शिवाय सप्लायर तीन महिन्यांनी रिटर्न भरणारा असेल आणि मधल्या महिन्यांत त्याने बिलं अपलोड केली नाहीत तर तिमाही संपेपर्यंत काहीच दिसत नाही. रोख खर्चाच्या किरकोळ पावत्या तर तिथे बहुतेक दिसतच नाहीत. म्हणून ते मॅचिंग करायचंच पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

महिन्याच्या शेवटी बसून नीट करू असं का चालत नाही हे पण तिने याच बिलावर दाखवलं. २९ ला कोणी विचारलं असतं तर स्टोअरवाल्याने फाइल उघडून बिल दिलं असतं, दोन मिनिटांचं काम. महिन्यानंतर विचारलं तर त्याला आठवत नाही की रॅकवरचा कुठला बार कुठल्या गाडीतला, त्यातला अर्धा कापून पण झालेला असतो. आणि अंबडमध्ये अजून एक भानगड नेहमीची, लेबर जॉबचं मटेरियल. कंपनीने चलनावर दिलेला बार तिथेच शेजारी पडलेला असतो, तो आपला नसतो, त्याचं खरेदीचं बिल कधी येणारच नाही, पण स्टॉक मोजताना तो आपल्यात धरला की मार्जिन परत फुगतं. आल्या दिवशी चलन कसलं, खरेदीचं की जॉबवर्कचं, हे लिहून ठेवलं तरच महिन्याच्या शेवटी वेगळं काढता येतं.

दुसरी गोष्ट तिने थोडक्यात सांगितली, पैसे जमा झाल्याच्या एंट्रीची. पार्टीचे दीड लाख बँकेत आले, एंट्री करणाऱ्याला कुठल्या बिलाचे ते माहीत नाही, विचारायचा कंटाळा, मग टाकलं `On Account`. पार्टीचं एकूण येणं बरोबर राहतं म्हणून कोणाला काही खटकत नाही, पण थकबाकीच्या यादीत ते जुनं बिल तसंच उभं राहतं आणि दिवस वाढत जातात. मालक यादी बघून पार्टीला फोन करतो आणि पार्टी म्हणते अहो पैसे देऊन महिना झाला. चांगलं गिऱ्हाईक दुखावतं. त्याच दिवशी पार्टीला मेसेज करून बिल नंबर घ्यायचा आणि `Agst Ref` ला लावायचं, एवढंच काम आहे.

ताईच्या या बोलण्यातूनच आमच्या ऑफिसच्या पद्धती ठरत गेल्या. क्लायंटकडे माल उतरला की बिलाचा किंवा चलनाचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो, एंट्री माल आल्याच्या तारखेला होते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी स्टोअरवाल्याला फोन करून गेटच्या इनवर्ड रजिस्टरमधला शेवटचा नंबर विचारतो आणि त्या नंबरपर्यंतचं प्रत्येक इनवर्ड आपल्याकडे आलंय का बघतो, एखाद्याचं बिल नसेल तर टॅलीत रिसिट नोट म्हणजे माल आल्याची नोंद टाकून ठेवतो आणि बिल आलं की ट्रॅकिंग नंबरने जोडतो. रिपोर्ट काढायच्या आधी ताई स्वतः पुढच्या महिन्याच्या पहिल्या पाचसहा दिवसांची खरेदी उघडते आणि सप्लायरची तारीख मागच्या महिन्यातली असलेलं बिल आहे का ते शोधते. मार्जिन मागच्या तीन महिन्यांपेक्षा चारपाच टक्क्यांनी हललं असेल तर कारण सापडेपर्यंत रिपोर्ट थांबतो. कधी कारण खरंच धंद्यातलं असतं, बारचा रेट वाढलेला असतो किंवा रिजेक्शन जास्त झालेलं असतं, आणि तेच तर मालकाला कळायला हवं असतं.

सगळे क्लायंट रजिस्टर वेळेवर देतात असं नाही. गेल्या वर्षापासून आम्ही ज्यांचा शेवटचा इनवर्ड नंबर मिळाला नाही त्यांच्या रिपोर्टवर पहिल्याच ओळीत लिहितो की खरेदी कुठल्या तारखेपर्यंत तपासलेली आहे आणि त्यापुढचं मार्जिन गृहीत धरू नका. एकदोन जणांना ती ओळ आवडली नाही, काढून टाका म्हणाले, आम्ही काढली नाही. त्यातल्या एकाचा स्टोअरवाला आता ३० तारखेलाच फोन करून नंबर सांगतो.