तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा सैतान आणि मांडवातला नाऱ्या

‘अनुवाद करताना जर्मन म्हणीला मराठीत जोडीची म्हण सापडली की काम झालंच ना? आणि नाहीच सापडली तर काय करता?’

सापडली तर निम्मं काम झालं, आणि उरलेलं निम्मंच जास्त घाम काढतं. एक नेहमीचा वाक्प्रचार घेऊ: ‘माल डेन टॉयफेल निश्त आन डी वांट’, म्हणजे शब्दशः ‘भिंतीवर सैतान रंगवू नकोस’. सैतानाचं चित्र काढलं किंवा नुसतं नाव घेतलं तरी तो हजर होतो, ही जुनी समजूत त्यामागे आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, आणि ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण तर आयतीच आहे. समजूत तीच, सूरही खट्याळ. मग अडतं कुठे?

अडतं ते बोलणाऱ्याच्या तोंडाशी. ‘शुभ बोल नाऱ्या’ हे बरोबरीच्याला किंवा धाकट्याला म्हणायचं, तेही थोडी थट्टा करत. हाताखालचा माणूस साहेबांना असं म्हणू शकत नाही. जर्मन वाक्य मात्र ‘आपण’ वापरून नम्रपणे बैठकीतही बोललं जातं. हाम्बुर्गमधली बायको नवऱ्याला हे म्हणत असेल, तर तिच्या तोंडी वास्तुपुरुष घालताच ती थेट सदाशिव पेठेत राहायला येते. तिथे ‘असं अभद्र बोलू नकोस’ पुरतं. देवाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, पण अपशकुनाची भीती जशीच्या तशी.

आता हेच वाक्य प्रथमपुरुषी बघा. जर्मन माणूस म्हणतो, ‘मला काही सैतान भिंतीवर रंगवायचा नाही, पण पाऊस असाच राहिला तर बांध फुटेल.’ इथे नाऱ्या कामाचाच नाही, कारण कोणी कोणाला दटावत नाहीये. मराठीत आपण काय म्हणतो? ‘बोलू नये, पण पाऊस असाच राहिला तर बांध फुटेल.’ बस. म्हण नाही, सैतान नाही, आणि मूळ वाक्याचं सगळं काम झालं. कोशात ‘बोलू नये, पण’ या नोंदीसमोर सैतान सापडणार नाही. म्हणून म्हण समोर आली की आधी कोण, कोणाला, कोणाबद्दल बोलतंय एवढं समासात लिहून ठेवावं आणि मग कोशाला हात लावावा. उलटं केलं की कोशातली पहिली म्हण डोक्यात बसते आणि हटता हटत नाही.

दुसरी अडचण वयाची. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ याला जर्मनमध्ये इतकी नेमकी जोडी आहे की पाहून हरखून जावं: ‘मिट डेअर वुर्स्ट नाख डेअर श्पेकझाइटं वेर्फन’, म्हणजे सॉसेज फेकून डुकराच्या चरबीचा अख्खा पट्टा मिळवायचा. दोन्हीकडे खाण्याचीच वस्तू, दोन्हीकडे लहान देऊन मोठं उकळणं. फक्त आवळा मराठीत रोजच्या बोलण्यात आहे आणि ते सॉसेज जर्मनमध्ये आता जुनाट झालं आहे. आजच्या कथेतल्या तरुणाच्या तोंडी ते घातलं तर तो आजोबांसारखा बोलायला लागतो. अशा वेळी डूडेन कोशमालेतला वाक्प्रचारांचा अकरावा खंड उघडून नोंदीपुढची खूण बघावी: बोलीतला, ग्राम्य, विनोदी, की जुना होत चाललेला. dwds.de वर शब्द काळानुसार किती वापरला गेला याचा आलेखही मिळतो. मराठीसाठी दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ अर्थाला भरवशाचा आहे, पण त्यातलं आज काय चालतं हे कानालाच ठरवावं लागतं.

समजा मूळ मराठी असं आहे: ‘दोन पेट्या आंबे देऊन त्याने काकांकडून बांधालगतचा तुकडा लिहून घेतला. आवळा देऊन कोहळा काढला!’ जर्मनमध्ये ‘फ्युअर आयनन आपल उंड आयन आय’, म्हणजे ‘एक सफरचंद आणि एक अंडं देऊन’, हा वाक्प्रचार आजही जिवंत आहे. पण त्याचा अर्थ फक्त ‘कवडीमोलाने’. आवळ्यातला डाव त्यात नाही. तो डाव क्रियापदात भरायचा: ‘घेतलं’ याऐवजी ‘आबलुक्सन’, म्हणजे गोड बोलून लुबाडणं. ‘सफरचंद-अंड्याच्या मोलाने काकांकडून तुकडा लुबाडला’ अशी जर्मन रचना झाली की क्षुल्लकपणा वाक्प्रचाराने सांगितला, लबाडी क्रियापदाने. एका म्हणीचा अर्थ दोन ठिकाणी वाटून ठेवायला संकोच करू नये.

जोडी मुळीच नसेल तर? ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ घ्या. बहुतेक जण इथे ‘दुसऱ्यासाठी विस्तवातून चेस्टनट काढणे’ या जर्मन वाक्प्रचाराकडे धावतात. दुसऱ्यासाठी राबणं आहे, चूल आहे, शेकणं आहे, म्हणजे झालंच! पण नाही. चेस्टनटमध्ये दुसऱ्यासाठी पत्करलेला धोका आहे, हात भाजतो. भाकऱ्यांमध्ये धोका नाही. आहे तो फुकटचा उद्योग आणि तो करणाऱ्यावर घरच्यांचा वैताग. चेस्टनट घातलं तर भाकऱ्या भाजणारा उगाच शूर ठरतो.

इथे मी सरळ शब्दशः जायला सांगेन. ‘स्वतःच्या घरी जेवायचं आणि अख्ख्या फौजेसाठी ब्रेड भाजायचा’ हे जर्मन वाचकाला पहिल्या फटक्यात कळतं, कारण चित्रच स्वतःचा अर्थ सांगतं. भाकरीचा ब्रेड झाल्याने इथे बिघडत नाही; ‘घरचं खाऊन’ गाळलं तर मात्र बिघडतं, कारण टोमणा तिथेच आहे. उलट ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ शब्दशः नेला तर जर्मन वाचकाला वाटेल, माणूस फार हिंडला, किंवा आजारी पडला. त्यातला बेरकीपणा चित्रात दिसत नाही, तो आपल्याला सवयीने ठाऊक आहे. चित्र बोलकं आहे की मुकं, हे तपासायला म्हण शब्दशः करून मराठी न येणाऱ्या जर्मन माणसाला दाखवावी आणि अर्थ विचारावा. संदर्भ आधी सांगू नये, नाहीतर तो सौजन्याने बरोबर उत्तर देतो. शब्दशः नेलेल्या म्हणीपुढे ‘आमच्याकडे म्हणतात ना’ ही पुस्ती मात्र फार लावू नये. पानोपानी लावली की साधी गृहिणी गावच्या पारावरची म्हातारी वाटायला लागते.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे लेखकाने वाक्प्रचाराशी खेळ केलेला असतो ती. ‘डा लीग्ट डेअर हुंट बेग्राबन’, ‘कुत्रा पुरलाय तो इथेच’, याला मराठीत ‘इथेच खरी गोम आहे’ किंवा ‘खरी मेख इथेच आहे’ असे दोन चांगले पर्याय आहेत. पण पुढचंच वाक्य ‘आणि उकरायला गेलं की हाडंच हाती लागतात’ असं असेल, तर गोम निरुपयोगी. मेख चालते, कारण मेखेलाही पुढे नेता येतं: ‘खरी मेख इथेच आहे, आणि ती उपटायला गेलं की अख्खा तंबू अंगावर येतो.’ हाडं गेली, तंबू आला, पण ‘मुळाशी जाल तर पस्तावाल’ हा इशारा राहिला. हाच कुत्रा पन्नास पानांनी खराखुरा भुंकत परत येणार असेल, तर मात्र तंबूही वाचवत नाही. तेव्हा पहिल्याच ठिकाणी कुत्रा पुरून ठेवायचा, वाक्य थोडं अनोळखी वाटलं तरी. तळटीप देण्यापेक्षा तेवढं अवघडलेपण परवडतं.