वार जुळला का?

दोन तारखांमधले दिवस मोजायला सांगितले की बहुतेक जण वर्षांची वजाबाकी करून ३६५ने गुणतात आणि मग विचारतात, "मधे लीप वर्षं किती आली?" गाडी घसरते ती इथेच. मोजायची असते ती लीप वर्षं नव्हे, २९ फेब्रुवारी. तो दिवस आपल्या दोन तारखांच्या मधे किती वेळा उजाडला, एवढंच बघायचं.

स्वातंत्र्यापासून महाराष्ट्र राज्य होईपर्यंत किती दिवस गेले? १५ ऑगस्ट १९४७ ते १ मे १९६०. आधी पूर्ण वर्षं उरकून घ्यावीत. १५ ऑगस्ट १९५९पर्यंत बारा वर्षं, म्हणजे ४३८० दिवस. त्यात १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तीन वेळा २९ फेब्रुवारी आली, म्हणून ४३८३. उरलेले महिने मुठीच्या उंचवट्यांवर मोजायचे. ऑगस्टचे उरलेले १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ असं करत फेब्रुवारीशी आलो की थांबायचं, कारण हा १९६०चा फेब्रुवारी आहे, २९ दिवसांचा. "१९६० कुठे पूर्ण झालंय, सोडा ते" म्हणणाऱ्याचा एक दिवस इथेच गळतो. उलट शेवटची तारीख १ फेब्रुवारी १९६० असती, तर वर्ष लीप असूनही जादा दिवस धरायचा नव्हता. मेचा एक दिवस धरून हा तुकडा २६० दिवसांचा होतो. एकूण ४६४३.

यात १५ ऑगस्ट धरलेला नाही, १ मे धरलाय. दोन्ही टोकं हवी असतील तर एक वाढवायचा. बारशाचा बारावा दिवस मोजताना जन्माचा दिवस धरतात, बँक व्याजाला दोन्ही टोकं धरत नाही. तेव्हा कशासाठी मोजतोय ते आधी ठरवलेलं बरं.

आता उत्तर बरोबर कशावरून? त्यासाठी वार आहेत. ४६४३ला सातने भागलं तर बाकी २ उरते. १५ ऑगस्ट १९४७ला शुक्रवार होता, दोन वार पुढे रविवार. आणि १ मे १९६०ला रविवारच होता. एका दिवसाची चूक या चाळणीतून सुटत नाही. नेमकी सात दिवसांची चूक केलीत तर मात्र ती खुशाल सुटते.

ही चाळणी खरी कामाला येते ती शिवराज्याभिषेकाच्या हिशेबात. ६ जून १६७४ ते ६ जून २०२४, साडेतीनशे वर्षं. ३६५ने गुणून १,२७,७५०. मधे चारने भाग जाणारी वर्षं ८८. ती सगळी धरली तर १,२७,८३८ दिवस होतात, बाकी ४. ६ जून २०२४ला गुरुवार होता. चार वार मागे गेलं की रविवार. पण जेधे शकावली सांगते, शुक्रवारी तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनी बसले. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाचा मध्यरात्रीला. म्हणजे आपल्या हिशेबाने ती शनिवारची पहाट. रविवार काही जुळत नाही.

मग आठवतं की १७००, १८०० आणि १९०० ही लीप वर्षं नव्हती. शतकाच्या वर्षाला ४००ने भाग जावा लागतो; २०००ला गेला, या तिघांना नाही. तीन दिवस वजा, १,२७,८३५. बाकी १, वार बुधवार. नियम पाळला तरी वार हुकलेलाच!

खोट भागाकारात नाही, तारखेत आहे. ६ जून १६७४ ही जुन्या, ज्युलियन कॅलेंडरातली तारीख. इंग्रज तेव्हा तेच वापरत; नवं कॅलेंडर त्यांनी १७५२मध्ये घेतलं. सतराव्या शतकात दोन्हींमधे दहा दिवसांचं अंतर होतं. आजच्या कॅलेंडरात तो दिवस १६ जून १६७४ला येतो. म्हणून आणखी दहा दिवस वजा करायचे : १,२७,८२५. सातने भागा, बाकी ५. गुरुवारपासून पाच वार मागे या: बुध, मंगळ, सोम, रवि, शनि. जुळला!

म्हणजे आजच्या कॅलेंडराने ३५० वर्षं भरली ती १६ जून २०२४ला. सोहळा ६ जूनला झाला, त्याला माझी काहीच हरकत नाही. तिथीने करणारे तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी धरतात, आणि तिथे लीप वर्षाच्या जागी अधिक महिना उभा असतो. तो हिशेब आज काढत नाही.