आमच्या ग्रेडरला लिहिलेली निरोपाची चिठ्ठी

मी वणी तालुक्यात कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर आहे. येणाऱ्या कापसाची प्रत ठरवणारा आमचा ग्रेडर डिसेंबरात सोडून गेला. आवारात कापसाच्या गंजी लागलेल्या, फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आणि त्यानं राजीनामा आणून ठेवला. एका सूतगिरणीच्या तपासणी खोलीत त्याला जागा मिळाली होती. आमच्याकडे हंगाम दिवाळीपासून फार तर एप्रिलपर्यंत, पुढं अर्ध्या पगारावर बसून राहायचं. तिकडे बाराही महिने काम. घरी म्हातारे आईवडील, बहिणीचं लग्न व्हायचं. त्यानं जायलाच हवं होतं.

त्याला चार ओळी लिहून द्याव्या म्हणून रात्री बसलो. पहिलंच वाक्य उतरलं, "ऐन हंगामात चाललास तरी आमच्या शुभेच्छा आहेत." वाचलं आणि तो 'तरी' डोळ्यांत खुपला. माझी सगळी तक्रार त्या एका शब्दात बसली होती. खोडला. पुढं लिहिलं, "कापूस हातात कसा घ्यायचा हे तुला इथंच शिकवलं." खरंच होतं ते. बोंडातली रुई बोटांनी ओढून धाग्याची लांबी कशी पाहायची, किडका, डागाळलेला कवडी कापूस कसा ओळखायचा, हे मीच त्याला दाखवलं. पण जाणाऱ्याच्या हातात दिलं की ते बिल होतं. तेही खोडलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो "इथलं दार तुला कायम उघडं आहे" या ओळीवर. लिहिताना फार बरं वाटलं. मग त्याचे वडील डोळ्यांसमोर आले. चिठ्ठी ते वाचणार, आणि पोरगा वर्षभरात परत येईल असं धरून चालणार. तिकडे पहिले दोन महिने त्याला जड जाणार होतेच. तेव्हा ही ओळ त्याला मागं ओढणार. ती काढली.

मग उरलं काय? कागद कोरा ठेवून मी त्याचं नेमकं कोणतं काम आठवतं ते शोधत बसलो. मेहनती, प्रामाणिक, हे तर कोणाच्याही चिठ्ठीत चालतं. आठवली ती गेल्या हंगामातली एक संध्याकाळ.

एक शेतकरी कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन आला होता. वरचा कापूस पांढराशुभ्र. मीटर लावला तर ओलावा नऊ टक्के. आठ ते बारापर्यंत चालतं, मी होकार देणारच होतो. यानं हात कोपरापर्यंत आत घातला, तळाशी मीटर नेला, दोन-तीन जागी पाहिलं. सोळा! असा माल गंजीत गेला की आतून तापतो, रुई पिवळी पडते, आणि जिनच्या रोलरवर गुंडाळ्या होतात. एका बंडीपायी शेजारचा चांगला मालही जातो.

शेतकरी तापला. "काऊन भाऊ, वापस नेऊ काय आता?" रांगेतले लोक पाहत होते. यानं आवाज चढवला नाही. त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, वरचा मस्त हाय, खालचा वल्ला हाय. इथंच ताडपत्रीवर पसरवा, उद्या दुपारी मी सोता पाहतो." ताडपत्री आमची दिली. दुसऱ्या दिवशी ओलावा दहावर आला आणि माल पूर्ण भावानं गेला.

मी तेच लिहिलं:

"त्या बंडीच्या तळाशी तू हात घातलास, आणि त्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं नाहीस. तिकडे मशीन लांबी, ताकद, रंग सगळं मोजून देईल. नमुना कुठून घ्यायचा हे मात्र तुलाच ठरवावं लागेल, आणि ते तुला येतं. पहिल्या महिन्यात नवीन शब्दांनी घाबरू नको, विचारत जा. तू निघालास याचा मला आनंद आहे."

अनुभवाचा दाखला वेगळा, लेटरहेडवर दिला. हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कामाचं स्वरूप, सही-शिक्का. माया त्यात मिसळली नाही. तो दाखला पुढं परके लोक तपासणार.

चिठ्ठी निरोपाच्या चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचली नाही. आधी त्याचा हिशेब चुकता केला, नवीन पोराला कामाचा ताबा देऊन झाला, आणि मग काट्याजवळ एकटा गाठून हातात दिली. आधी दिली असती तर काम नीट सोपवून जावं म्हणून गोड बोलतोय असं त्याला वाटलं असतं. त्यानं उभ्या उभ्या वाचली, घडी घातली, आणि खिशाचं बटण लावलं. पाया पडायला वाकला, मी हात धरला.

पुढच्या आठवड्यात तोच शेतकरी आला. काट्यावर बंडी लावून इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, "आपला पोट्टा दिसत नाही जी?"

"गेला," मी म्हटलं. "चांगल्या जागी गेला."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि स्वतःच तळाचा मूठभर कापूस काढून नवीन पोरापुढं धरला.