चार वाजताचं थर्मामीटर

मी गायनॅक आहे, तालुक्याच्या गावी छोटी प्रॅक्टिस. ही गोष्ट एका पेशंटची, तिला विचारून लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून दोनचार तपशील मुद्दाम बदललेत.

बाई एसटीत कंडक्टर, वय ३६, दोन मुलं, पाळी नियमित. सकाळची पहिली गाडी तिची, त्यामुळे रोज पहाटे चारला उठायचं म्हणजे उठायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा डोळा तेव्हाच उघडतो म्हणाली. पहिल्यांदा आली तेव्हा तक्रार एवढीच की झोप लागत नाही आणि लागली की भलती स्वप्नं पडतात. तिकिटाच्या मशीनमधून कागद येतच राहतो, थांबतच नाही, गाडीभर कागद. कधी बॅगेतली रक्कम जुळत नाही आणि डेपोत सगळे तिच्याकडे बघत उभे. आणि ते सगळं इतकं खरं वाटायचं की उठल्यावर ती बॅग उघडून पैसे मोजायची, पहाटे दोन वाजता. ओपीडीत बाहेर तीस बायका बसलेल्या, मी ऐकलं, ड्युटीचं टेन्शन दिसतंय असं मनाशी ठरवलं आणि अल्प्राझोलाम पाव मिलिग्रॅम दहा दिवस लिहून दिली. त्या दिवशी पाळीची तारीख विचारली होती पण तक्रारीच्या शेजारी ठेवून बघितली नाही. ही चूक माझीच.

चार महिन्यांनी परत आली, यावेळी सासूबाई सोबत. ती गोळी मेडिकलमधून आणून अधूनमधून घेणं चालूच होतं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, दर महिन्याला ठरल्यासारखं होतंय ओ, आमोशाच्या आसपास, बाहेरचं काही नसंल ना?" आता मी अमावस्येवर हसले असते, पण "दर महिन्याला ठरल्यासारखं" हे वाक्य डोक्यात अडकलं. मी सुनेला विचारलं, पाळी कधी आली होती गं? तिनं तारीख सांगितली. आणि स्वप्नं? त्याच्या आधीचे चारपाच दिवस. गेल्या महिन्यात? तेव्हाही तसंच. सासूबाईंचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त चंद्र चुकीचा पकडला होता.

पण असं आठवून सांगण्यावर विसंबता येत नाही. पाळी आली की माणूस मागे वळून सगळं तिच्या खात्यावर टाकतो. म्हणून मी तिला जुनं काम दिलं. आम्ही शिकत असताना मूल होत नसलेल्या बायकांना सकाळच्या तापमानाचा तक्ता ठेवायला सांगायचो, बीज कधी बाहेर पडतं ते बघायची फॉलिक्युलर स्टडी सोनोग्राफीनं सोपी झाल्यावर ते कुणी करेनासं झालं. मी म्हटलं, डिजिटल थर्मामीटर घे, दशांश दिसणारं, उशाशी ठेव. चारला डोळा उघडला की उठायच्या आधी, चूळ नाही, पाणी नाही, बोलणं नाही, जिभेखाली ठेवायचं आणि आकडा लिहायचा. रात्री जाग आली असेल तर एक रेघ, स्वप्न आठवत असेल तर "स्व". आणि गोळी बंद. ती महिन्यात पाचसहाच घेत होती म्हणून एकदम बंद केली, रोज घेणाऱ्यानं असं कधीही करायचं नाही, हळूहळू कमी करावी लागते.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो त्यानंतर तीन महिन्यांनी आला. भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी करून घेऊन आली होती, दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडरची तारीख आणि त्याच चौकोनांत पेन्सिलीनं बारीक आकडे. मी ओपीडी संपवली, आलेखाचा कागद काढला आणि आम्ही दोघींनी बसून ठिपके मांडले.

पहिला महिना बाद केला, गोळी नुकतीच सोडलेली, "स्व" सगळीकडे विखुरलेले. या गोळ्या स्वप्नांची झोप दाबून ठेवतात आणि थांबवल्या की ती उसळून येते, त्यामुळे तो महिना वाचण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्यात मधेच सर्दी-ताप आलेला, ते तीन आकडे खोडले. पण उरलेलं चित्र, काय सांगू, पुस्तकात छापतात तसं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत आकडे ९६.९ ते ९७.२ फॅरेनहाइटच्या मधे घुटमळणारे. सोळाव्या दिवशी ९७.५, मग ९७.७, ९७.८, आणि सत्ताविसाव्यापर्यंत तिथंच. अठ्ठाविसाव्याला ९७.३, एकोणतिसाव्या दिवशी पाळी. तिसऱ्या महिन्यात पायरी दोन दिवस उशिरा चढली आणि पाळीही दोन दिवस उशिरा. म्हणजे मागेपुढे होतो तो पहिला अर्धा भाग, पायरी चढल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस साधारण तेवढेच.

ती पायरी म्हणजे ओव्ह्युलेशन झाल्याची खूण. बीज बाहेर पडलं की मागे उरलेल्या कवचाचं कॉर्पस ल्युटियम होतं, ते प्रोजेस्टेरॉन बनवतं, आणि प्रोजेस्टेरॉन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधला तापमानाचा काटा थोडा वर सरकवतं. साधारण अर्धा ते पाऊण डिग्री फॅरेनहाइट. ताप नाही हा, कपाळाला हात लावून कळणारही नाही. पण झोपेला ते कळतं. रात्री झोप येते तेव्हा शरीर आतून थंड व्हायला लागलेलं असतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडतात, तळवे कोमट होतात, आतली उष्णता तिथून बाहेर पडते. पहाटेच्या सुमाराला सगळ्यात खालचा आकडा. पाळीच्या आधीच्या या पंधरवड्यात रात्रीचा तो उतारच उथळ होतो, सुरुवात वरून आणि उतरायचंही कमी.

इथं तिनं मला पकडलं. बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, पण गरमी तर सोळाव्यापासून हाय, मग 'स्व' चोविसाव्यापासूनच का?" हिशोबाची बाई, आकडा जुळला नाही की सोडणार नाही! आणि प्रश्न एकदम बरोबर होता, कारण नुसत्या उष्णतेनं सगळं समजत नाही.

प्रोजेस्टेरॉन शरीराला गरम करतं तसंच गुंगीही आणतं. ते मोडून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनतं, ते मेंदूत जवळपास त्याच कुलपाला लागतं ज्याला अल्प्राझोलामची किल्ली लागते. म्हणजे ओव्ह्युलेशननंतरच्या आठवड्यात उष्णता वाढलेली असली तरी सोबत घरचीच झोपेची गोळी मिळत असते, त्यामुळे निभावतं. साधारण सातव्या-आठव्या दिवसानंतर प्रोजेस्टेरॉन उतरायला लागतं, ती गुंगी कमी होत जाते, आणि तापमान मात्र पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत वरच राहतं. तिच्या कागदावर "स्व" आणि जागेच्या रेघा नेमक्या त्या पट्ट्यात होत्या, चोवीस ते अठ्ठावीस. सगळ्या बायकांना हे होत नाही, बऱ्याच जणींची झोप यंत्रावर मोजली तर फरक थोडासाच दिसतो. हार्मोन सगळ्यांचे उतरतात, त्या उताराचा त्रास कुणाला जास्त होतो एवढंच.

आता स्वप्नांचं. तिला वाटत होतं त्या दिवसांत स्वप्नं जास्त पडतात. खरं तर स्वप्नांची जी रेम झोप असते ती या काळात उलट जराशी कमी होते. मग हे कसं? तर स्वप्न लक्षात राहतं ते त्याच्या मधे किंवा लगेच नंतर जाग आली तरच, नाहीतर रात्रभरात कितीतरी पडून जातात आणि सकाळी पाटी कोरी. रेम झोप पहाटेकडे दाट होत जाते, आणि रेममध्ये असताना शरीर स्वतःचं तापमान नीट सांभाळत नाही, घाम येणं-थरथरणं जवळपास बंद. आधीच गरम शरीर, हलकी झोप, आणि दोन ते चारमध्ये पुन्हा पुन्हा जाग. मी तिच्या रेघा मोजायला लावल्या. एक "स्व" सोडला तर प्रत्येकाच्या शेजारी जागेची रेघ होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे मशीन रोजच चालू असतंय, मी फकस्त या दिवसांत गाडीत चढून बघती."

मी हे वाक्य आता दुसऱ्या पेशंटना सांगते.

बाकी तपासण्याही केल्या होत्या, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन कमी. लोह कमी असलं की रात्री पाय अस्वस्थ होतात, तिला तेही होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मूड विचारला, कारण त्या दिवसांत जगणंच नको वाटत असेल तर मामला वेगळा, त्याला वेगळे उपचार लागतात. तसं काही नव्हतं. मग घरातलं विचारलं. वरची पत्र्याची खोली, अंगावर गोधडी, रात्री दहाला चहा. चहा संध्याकाळी सहाच्या आत आणला, त्या पाचसहा रात्री खालच्या खोलीत, पाय गोधडीबाहेर, आणि झोपायच्या तासदीड तास आधी कोमट-गरम पाण्यानं आंघोळ. "आधीच गरम, त्यात गरम पाणी?" सासूबाईंनी विचारलंच. पण गरम पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि नंतर आतलं तापमान उतरायला मदत होते. गार पाण्यानं त्या आखडतात.

पुढच्या दोन महिन्यांत पाच वाईट रात्रींच्या दोन-तीन झाल्या. कशानं झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही, लोह, चहा, खोली, आंघोळ सगळं एकदमच बदललेलं. आणि कारण कळल्यावर पैसे मोजायला उठणं बंद झालं, त्याचाही वाटा असणार, कारण दिवा लावून बॅग उघडली की पुढची झोप गेलीच.

हे डेपोत पसरलं. तिनं तिच्या एका सहकारी बाईला थर्मामीटर घ्यायला लावलं आणि महिन्यानं कागदासकट माझ्याकडे पाठवलं. बघते तर पायरीच नाही, आकडे जवळपास महिनाभर ९७.६च्या आसपास सपाट. मी पाच मिनिटं डोकं खाजवलं, ओव्ह्युलेशन होत नाहीये म्हणावं तर आकडा खालच्या पातळीवर हवा, हा वरचा कसा? मग विचारलं, काही गोळ्या घेतेस का गं? "हां, पाळणा लांबवायच्या," ती म्हणाली, "दीड वर्ष झालं." त्या गोळ्यांनी ओव्ह्युलेशन थांबतं, म्हणून पायरी नाही, आणि त्यातलं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध तापमान वर धरून ठेवतं, म्हणून रेघ उंचावर सपाट. बिचारीनं महिनाभर पहाटे थर्मामीटर तोंडात धरलं होतं. हा प्रश्न आधीच विचारून घ्यायचा असतो हे मी तिच्या मैत्रिणीला सांगायला विसरले होते.