घंटा वाजली की घर उठायचं, सोन्या सोडून

आमच्या घरात सकाळची पहिली बातमी गादीची असायची. सोन्या (घरातलं नाव, इथंही तेच ठेवतो) तिसरीत होता, आठ वर्षं पूर्ण झालेली, आणि आठवड्यातल्या सहा रात्री तरी गादी ओली. कधी सातही. माझं केजजवळच्या गावात कृषी सेवा केंद्र आहे, थोडी शेती आहे. पाणी टँकरनं घेतो त्या महिन्यांत रोज एक वाकळ धुणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा.

आईचं निदान ठरलेलं होतं. "चांगला घोडा झालाय, उठायचा आळस हाय त्याला." तिनं काळे तीळ-गूळ खाऊ घातले, अंगारा लावला. मी त्याहून वाईट केलं. एका सकाळी ओली वाकळ त्यालाच अंगणात वाळत घालायला लावली, शेजारची पोरं बघत असताना. तो आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आणि गादी ओली व्हायची ती झालीच.

डिसेंबरात शाळेची वेरूळ-दौलताबाद सहल निघाली, एक मुक्काम होता. पैसे भरलेले. आदल्या दिवशी सोन्याच्या पोटात दुखायला लागलं. दुखत काहीच नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. जानेवारीत आम्ही अंबाजोगाईला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी भरपूर विचारलं. दिवसा चड्डी ओली होते का? लघवीला जळजळ? फार तहान लागते, वजन घटलंय? रात्री घोरतो का? मध्ये कधी सहा महिने सलग कोरडा राहून मग परत सुरू झालंय का? यातलं काही असतं तर गोष्ट वेगळी, तपासण्या वेगळ्या, असं ते म्हणाले. आमचं सगळ्याला 'नाही' होतं. लघवीत साखर आणि जंतुसंसर्ग तेवढे तपासले, दोन्ही ठीक निघाले. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "तुम्हा दोघांपैकी कोण?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "मी. पाचवीपर्यंत."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तिला हे तेव्हा कळलं. आईला तर माहीतच होतं, पण तीही कधी बोलली नव्हती. आईबापांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते, आणि दोघांनाही असेल तर आणखी वाढते, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईचा 'आळस' मी त्यांच्यापुढे ठेवला तर ते म्हणाले, "आळस करायला आधी जाग यावी लागते. याला जागच येत नाही."

त्यांनी समजावलं ते साधारण असं. रात्री मेंदूतून एक हार्मोन जास्त सुटतं आणि मूत्रपिंडं लघवी कमी बनवतात. काही मुलांत हे उशिरा सुरू होतं. काहींची लघवीची पिशवी रात्री कमी धरते. आणि या बहुतेक मुलांची झोप अशी असते की पिशवी भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो, पण दार कुणी उघडत नाही. वाढत्या वयाबरोबर दरवर्षी अशा मुलांतली काही आपोआप बरी होतात. वाट बघणं हाही एक मार्ग होता. पण ती सहल आम्हाला विसरता येत नव्हती.

यावर चड्डी ओली होताच वाजणारा अलार्म लावायचा ठरला, पण तो लगेच मिळाला नाही. आधी दोन सुट्टीचे दिवस सोन्याची प्रत्येक लघवी मापात धरायची होती. दुकानात औषधाची मापं ढिगानं पडलेली, पण ती फवारणीची. यासाठी कोरं प्लास्टिकचं माप आणलं. वयात एक मिळवून तिसानं गुणायचं, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला २७० मिली ही पिशवीची अंदाजे क्षमता. सोन्याचं सगळ्यात मोठं माप १६० भरलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, शी रोज होते का? तीन दिवसांनी, कडक. भरलेलं आतडं पिशवीला दाबतं, म्हणून आधी शी मऊ व्हायची पावडर सुरू झाली.

तिसरी गोष्ट त्याच्या दप्तरात सापडली. पाण्याची बाटली सकाळी भरून जायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत यायची. शाळेची मुतारी इतकी घाण की पोरगं दिवसभर पाणीच प्यायचं नाही, आणि लघवीही धरून ठेवायचं. घरी आल्यावर मग दोन तांबे पाणी आणि वर आजीबरोबर कपभर चहा. आम्ही काय करत होतो, तर रात्री पाणी बंद! ते उलटं निघालं. दिवसाचं पाणी दिवसा प्यायचं, बाटली शाळेतच संपवायची, मधल्या सुट्टीत लघवीला जायचंच. संध्याकाळचा चहा बंद झाला. रात्री जेवताना पाणी साधारण, तहान मारायची नाही. मी गुरुजींना भेटून मुतारीचं बोललो, निदान पाणी टाकायला सुरुवात झाली.

एवढ्यानं आठवड्यातली एखादी रात्र सुटली. अलार्म फेब्रुवारीत आला, अडीच हजारांच्या आसपास पडला. चड्डीला पुढून लावायचा चिमटा, बनियनच्या आतून वर येणारी वायर आणि खांद्याला अडकवायची काडेपेटीएवढी डबी. चिमट्याला ओल लागली की डबी किंचाळते. आई म्हणाली, "कामून लेकराच्या अंगावर वायरी घालायलास? शॉक लागंल." आत छोटा सेल आहे हे दाखवलं तरी पहिली रात्र ती त्याच्या उशाशी बसून होती.

बारा वीसला डबी वाजली. मी उठलो, बायको उठली, आई होतीच, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सोन्या कूस बदलून झोपला.

इथंच बरेच लोक अलार्म परत डब्यात घालत असणार. मीही घातला असता, पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की पहिले काही आठवडे घंटा पोरासाठी नसते, तुमच्यासाठी असते. तुम्ही लगेच उठायचं आणि त्याला पूर्ण जागं करायचं. घंटा तुम्ही बंद करायची नाही, त्याच्याच हातानं करवायची. उचलून न्यायचं नाही, चालवत न्यायचं. पूर्वी आम्ही अकराला आणि दोनला त्याला खांद्यावर टाकून मोरीत उभं करायचो, तो डोळे मिटूनच करायचा. त्यानं गादी वाचते, पण पोरगं झोपेतच लघवी करायला शिकतं, जाग काही शिकत नाही.

जाग खरी की खोटी हे ओळखायला मी एक प्रश्न धरला: आज डब्यात काय होतं? पहिल्या रात्री उत्तर आलं "बैल". मग तोंडावर ओला हात फिरवला, अंगणातल्या गार फरशीवर उभं केलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर "शेंगदाण्याची चटणी" असं आलं, तेव्हा मोरीकडे निघालो. उरलेली लघवी, कोरडी चड्डी, गादीवर कोरडं फडकं, चिमटा परत लावायचा, वहीत वेळ लिहायची. रात्रीत दोनदाही व्हायचं. त्या महिन्यात शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला होती. मोटर चालू करायला गेलो की ही ड्यूटी बायकोची. ज्या रात्री दोघंही थकून अलार्म लावायचं विसरलो, त्या रात्रींवर मी वहीत लाल फुली मारली. फुली आमच्या नावाची.

वहीत आणखी एक रकाना होता: डाग केवढा. ताटाएवढा, वाटीएवढा, रुपयाएवढा. सुधारणा आधी तिथंच दिसते, कोरड्या रात्री मागून येतात. तिसऱ्या आठवड्यात अजून जवळजवळ रोज घंटा वाजत होती आणि आई म्हणत होती, बंद करा हा ताप. पण डाग ताटावरून वाटीवर आला होता आणि पहिली घंटा साडेबाराऐवजी तीनला व्हायला लागली होती. महिनाभरात यातलं काहीच हललं नाही तर परत या, असं डॉक्टर म्हणाले होते. सगळ्यांना अलार्म लागू पडत नाही, साधारण तिघांपैकी दोघांना पडतो.

बक्षिसाच्या तक्त्यात मी आधीच तोंडघशी पडलो होतो. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी कॅलेंडरवर 'कोरडी रात्र = चांदणी, वीस चांदण्यांना सायकल' असं लिहिलं होतं. नऊ दिवस कोरे गेले, दहाव्या दिवशी कॅलेंडर कपाटामागं सापडलं. झोपेत जे होतं त्यावर चांदणी लावणं म्हणजे पाऊस पडला तर मजुरी देईन म्हणण्यासारखं. नवा तक्ता त्याच्या हातातल्या गोष्टींचा केला: शाळेत बाटली संपवली, झोपण्याआधी दोनदा लघवीला गेला, चिमटा स्वतः लावला, घंटेनंतर चालत मोरीत गेला. गादी ओली झाली तरी चारही चांदण्या मिळू शकत होत्या, आणि मिळालेली चांदणी कशानंही काढून घ्यायची नाही. बक्षीस त्यानंच ठरवलं. पंचवीस चांदण्या झाल्या की रविवारी सकाळी शेतावर येऊन मोटरचं हिरवं बटण त्यानं दाबायचं. सायकलचा विषय त्याच्या तोंडून परत निघाला नाही.

पाचव्या आठवड्यात एका रात्री मी उठलो तर घंटा आधीच बंद होती आणि मोरीतला बल्ब लागलेला. मी दारातच थांबलो. "चपाती आन् बटाटा," तो आतूनच म्हणाला, मी विचारायच्या आधी.

मार्चअखेरीस उकाडा वाढला आणि घामानंच डबी वाजायला लागली. चड्डीवर दुसरी सैल चड्डी घालून चिमटा दोन्हींच्या मध्ये बसवला, तेव्हा थांबलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सलग चौदा कोरड्या रात्री पूर्ण झाल्या. अकरा आठवडे लागले. कधी तो उठून जायचा, बहुतेकदा झोपूनच राहायचा, आणि दोन्ही चालतं. मग अलार्म तसाच ठेवून झोपण्याआधी मुद्दाम थोडं पाणी, अर्ध्या पेल्यापासून वाढवत. त्यानं पुन्हा तीन रात्री ओल्या गेल्या, परत चौदा कोरड्या मोजल्या. अशानं पुढं उलटायचं प्रमाण कमी होतं.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाचा दोन रात्रींचा मुक्काम होता, म्हणून त्याआधीच गोळीचं विचारून ठेवलं होतं. ती त्याच हार्मोनचं काम एका रात्रीपुरतं करते. मात्र गोळीच्या तासभर आधीपासून आठ तास पाणी अगदी घोटभरच, नाहीतर अंगात पाणी साठून रक्तातलं मीठ धोकादायक खाली येऊ शकतं. ताप किंवा उलट्या असतील तर द्यायचीच नाही. शेवटी गोळी लागली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि एका आठवड्यात चार ओल्या रात्री. मी हबकलो, सोन्या नाही. त्यानं कपाटातून डबी काढली, सेल बदलायला सांगितलं आणि चिमटा लावून झोपला. सतरा दिवसांत परत जागेवर आला. शी पुन्हा कडक झाली होती, पावडर आम्ही सुट्टीत आपल्या मनानं बंद केली होती.

या डिसेंबरात सहल पैठणला आहे, एक मुक्काम. पैसे भरलेत. गादीवरचं प्लास्टिक मात्र आई अजून काढू देत नाही.