फिक्स डिपॉझिट

बँकेच्या खिडकीपाशी उभं राहून ‘फिक्स्ड डिपॉझिट’ असं शेवटच्या जोडाक्षरासकट म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळे ‘फिक्स डिपॉझिट’ म्हणतात, आणि पैसे बरोबर त्याच खात्यात जातात. यात आपल्या इंग्रजीचा काही दोष नाही. ‘स’ आणि ‘ड’ यांच्या चेंगराचेंगरीत सापडलेला तो बारीकसा आवाज खुद्द इंग्रजही गिळतात. आपण उन्हाळ्यात खातो ते आइस्क्रीम पूर्वी ‘आइस्ड क्रीम’ होतं. त्यातला ‘ड’ त्यांनीच खाऊन टाकला आणि मग स्पेलिंगमधूनही काढला.

पण तोच ‘फिक्स्ड’ सोमवारी संध्याकाळी अमेरिकेच्या कॉलवर गेला की घोटाळे करतो. पुण्यातल्या आयटीवाल्या मुलामुलींना इंग्रजी बोलण्याचा सराव देणं हे माझं काम आहे, त्यामुळे असे घोटाळे माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यातला एक सांगण्यासारखा आहे. एका मुलाने कॉलवर सांगितलं होतं, ‘वी टेस्टेड द पॅच, फिक्स्ड टू एरर्स अँड पुश्ड इट.’ म्हणजे चाचणी केली, दोन चुका दुरुस्त केल्या, आणि काम पुढे पाठवलंसुद्धा. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘बरं, मग कधी पाठवताय?’ पोरगा गोंधळला. त्याने तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा, जरा सावकाश विचारला.

त्याने माझ्यासमोर ते वाक्य म्हणून दाखवलं तेव्हा कोडं सुटलं. त्याच्या तोंडून येत होतं, ‘वी टेस्टेड द पॅच, फिक्स टू एरर अँड पुश इट.’ ‘टेस्टेड’ स्वच्छ आलं, कारण तिथे ‘एड’ला स्वतःचा स्वर आहे, तो गिळायचा म्हटला तरी गिळता येत नाही. पुढची दोन क्रियापदं मात्र उघडी पडली. बाईंच्या कानाला वाक्य असं लागलं: चाचणी झाली आहे, आता चुका दुरुस्त करायच्या आणि पाठवायचं. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

‘मॅडम, मग मी फिक्स्ड जोर देऊन म्हणायला हवं ना?’ असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, तिथे जोर देऊन उपयोग नाही. ‘फिक्स्ड टू’ म्हणताना ‘फिक्स्ड’चा शेवटचा आवाज आणि ‘टू’चा पहिला ‘ट’ एकमेकांत मिसळतात. तिथे ‘फिक्स टू’ आणि ‘फिक्स्ड टू’ यांतला फरक न्यूयॉर्कात जन्मलेल्या माणसाच्या तोंडूनही कळत नाही. सगळी भिस्त ‘पुश्ड इट’वर आहे. पुढचा शब्द स्वराने सुरू होतो, म्हणून भूतकाळाचा आवाज त्याच्या अंगावर जाऊन बसतो आणि ‘पुश टिट’ असं ऐकू येतं. तसंच ‘एरर्स अँड’चं. ‘एरर’ म्हणून थांबायचं नाही, अनेकवचनाचा ‘ज’ ‘अँड’ला चिकटवायचा: ‘एर ज़ँड’. एवढ्या दोन जागा सांभाळल्या तर बाकी वाक्य कितीही मराठी ढंगात म्हणा, कोणाचं अडत नाही. आपले ट आणि ड टाळूला जरा मागे लागतात, त्यावरून उगाच लाजणारे पुष्कळ लोक मला भेटतात. त्या मागे लागण्याने अर्थ बदलत नाही. तो आवाज मुळातच न येण्याने बदलतो.

हे आवाज आपल्याच तोंडातून का सांडतात, याचं उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. ‘शब्द’, ‘अर्थ’, ‘स्पष्ट’ हे शब्द म्हणून बघा. ‘घर’ म्हणताना आपण ‘र’वर पाय मोडून थांबतो, पण ‘स्पष्ट’ म्हणताना ‘ट’नंतर एक पुसटसा ‘अ’ सोडतोच. शब्दाच्या टोकाला जोडाक्षर आलं की मराठी जीभ तो ‘अ’ टेकू म्हणून लावते. इंग्रजी ‘आस्क्ड’, ‘फिक्स्ड’, ‘हेल्प्ड’ टोकाला तीन-तीन व्यंजनं घेऊन येतात आणि टेकू चालवून घेत नाहीत. मग आपण दोनातलं एक करतो. एक तर शेवटचं व्यंजन सोडून देतो, नाहीतर टेकू लावतोच: ‘आय मिस्ड कॉल्स’ऐवजी ‘आय मिस्ट अ कॉल्स’. ऐकणाऱ्याला तो ‘अ’ म्हणजे ‘एक’ वाटतो, मग पुढे ‘कॉल्स’ आलं की त्याचा हिशेब चुकतो.

उच्चाराच्या पुस्तकांत भूतकाळाच्या ‘एड’चे आणि अनेकवचनाच्या ‘एस’चे तीन-तीन नियम दिलेले असतात आणि मुलं ते परीक्षेसारखे पाठ करतात. खरं तर पाठ करण्यासारखं त्यात काही नाही. अनेकवचनाची तिन्ही रूपं आपण लहानपणापासून वापरतो: चिप्स, लेडीज, बसेस. लोकलच्या डब्याला कोणी ‘लेडीस’ म्हणत नाही. शूज, कुकीज, मूव्हीज या सगळ्यांत मराठी कानाने स्वरानंतरचा ‘ज’ अचूक टिपला आहे. व्यंजन आडवं आलं की मात्र तोच कान दगा देतो. फ्रेंड्स, रूल्स, गेम्स, गॉगल्स इथेही इंग्रजीत ‘ज’च आहे, आपण ‘स’ लिहितो आणि लिहिलेलं वाचतो. ‘फिक्स्ड’चं याच्या उलट. लिहितो ‘ड’, पण ‘स’ला लागून ‘ड’ म्हणायचा प्रयत्न करून पाहा, जीभ आपोआप ‘ट’वर येते. तेच बरोबर आहे. ‘पुश्ड’चं मघाशी ‘पुश टिट’ झालं ते यामुळेच.

नियम एकच, आणि तो गळ्यावर बोट ठेवून समजतो. ‘प’ किंवा ‘क’ म्हणताना, पाठीमागचा ‘अ’ न लावता, गळा थरथरत नाही. ‘ब’, ‘ग’ किंवा कोणताही स्वर म्हणताना थरथरतो. अघोष व्यंजनानंतर शेवटही अघोष, म्हणजे ट आणि स. घोष आवाजानंतर शेवटही घोष, म्हणजे ड आणि ज. आणि शेवट जिथे मूळ आवाजाशी फारच मिळताजुळता असतो, म्हणजे ‘वाँट’, ‘नीड’, ‘बस’, ‘वॉच’, तिथे दोन सारखे आवाज एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये छोटासा ‘इ’ येतो. ज्यांनी शाळेत व्यंजनसंधी घोकली त्यांना हे ओळखीचं वाटेल. विपद् अधिक काल, विपत्काल. वाक् अधिक ईश, वागीश. फरक इतकाच की आपल्याकडे मागून येणारा पुढच्याला वाकवतो, आणि इंग्रजीत आधी बसलेला मागून येणाऱ्याला. संस्कृतचे मार्क मिळवून ते पार विसरलेले इंजिनिअर या जागी एकदम सावरून बसतात.

तो ‘ज’ मात्र आपल्या ‘बाजारा’तला नव्हे. बाजारातल्या ‘ज’ला जीभ दातांच्या मागे टेकते आणि सुटते. इंग्रजीतल्या झेडला ती टेकतच नाही. लांब ‘स्स्स’ म्हणत राहायचं आणि जीभ न हलवता आतून आवाज सुरू करायचा, की झालं. हे एका मिनिटात जमतं. जमत नाही ते दुसरंच, आणि त्याकडे पुस्तकं सहसा बोट दाखवत नाहीत.

‘बॅग्ज़’ आणि ‘बॅक्स’ घ्या. इंग्रज माणूस वाक्याच्या शेवटी ‘बॅग्ज़’ म्हणतो तेव्हा त्याचा ‘ज’ अर्धामुर्धाच घुमतो, कधीकधी जवळजवळ ‘स’सारखाच येतो. तरी ऐकणारा चुकत नाही, कारण तो शेवटाकडे फारसं ऐकतच नसतो. तो त्याआधीचा स्वर मोजत असतो. घोष व्यंजनाआधीचा स्वर इंग्रजीत लांबतो: ‘बॅऽग्ज़’, पण ‘बॅक्स’ तोकडा. ‘आइस’ म्हणजे बर्फ आखूड, ‘आऽइज़’ म्हणजे डोळे लांब. ‘सीट्स’ आणि ‘सीऽड्ज़’ यांचंही तेच. आपण दोन्हीकडे स्वर सारखाच ठेवतो आणि मग शेवटच्या ‘ज’वर सगळी ताकद लावतो. त्यामुळे ‘ज’ वाजतो, पण समोरच्याला हवी ती खूण मिळत नाही. माझ्या वर्गात मी शेवट सुधारण्याआधी स्वर ताणायला लावते. ‘बॅऽऽग’ म्हणताना मुलं हसतात, गाण्याच्या क्लासला आल्यासारखं वाटतं म्हणतात. आठवडाभराने ‘ज’कडे न बघताही ‘बॅऽग्ज़’ नीट ऐकू यायला लागतं.

एकवचन-अनेकवचनाच्या वाक्यात तर त्या एका ‘स’ची जागाच अर्थ ठरवते. ‘द रिपोर्ट शोज’ आणि ‘द रिपोर्ट्स शो’. दोन्हींत शेपूट एकच, एकदा नामाला, एकदा क्रियापदाला. दोन्हीकडून गळालं तर ‘द रिपोर्ट शो’ उरतं. मग अहवाल एक की अनेक, हे ऐकणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचं. दुसऱ्या वाक्यात आणखी एक खाच आहे: ‘रिपोर्ट्स’चा ‘स’ आणि ‘शो’चा ‘श’ एकमेकांत विरघळतात. आकडे सांगायचे असतील तर मी मुलांना सरळ ‘बोथ रिपोर्ट्स’ किंवा ‘ऑल थ्री रिपोर्ट्स’ म्हणायला सांगते. उच्चाराने भागत नाही तिथे एक जास्तीचा शब्द खर्च केलेला बरा.

राहिले ‘वॉकेड’ आणि ‘जंपेड’ म्हणणारे. त्यांना हसू नये, ते फक्त उशिरा जन्मले आहेत. जुन्या इंग्रजीत तो ‘एड’ पूर्ण वाजत असे. लोक तो स्वर गाळतात आणि ‘डिस्टर्ब्ड’, ‘रिब्यूक्ड’ असे खडबडीत शब्द करतात, अशी तक्रार ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने १७१२ साली छापून केली होती. स्विफ्ट हरला. त्याच्या बाजूचे थोडे शब्द तेवढे शिल्लक आहेत: नेकेड, विकेड, क्रुकेड, आणि विद्वान या अर्थाचा लर्नेड. न्यायालयात वकील एकमेकांना ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणतात तो उच्चार चुकलेला नाही, जुना आहे. पण ‘आय लर्नेड जावा’ म्हटलं तर जावा कोणत्या शतकात शिकलात असा प्रश्न येतो.

सगळ्यात जास्त मला विचारतात ते ‘यूज्ड टू’बद्दल. पूर्वी करायचो, या अर्थाचं. मुलं तो ‘ड’ म्हणण्यासाठी घाम गाळतात. तिथे ‘ड’ नाहीच, आणि ‘ज’ही नाही. इंग्लंडात आणि अमेरिकेत दोन्हीकडे ते ‘यूस्टू’ असं एका दमात येतं, आणि त्यांची शाळकरी पोरं ऐकू येतं तसंच, ‘ड’ गाळून, वहीत लिहितात. चाकू वापरला या अर्थाच्या ‘यूज्ड’मध्ये मात्र ‘ज’ही हवा आणि ‘ड’ही. हा फरक मी एकदा सांगून सोडून देते, त्याचा सराव घेत नाही. तेवढ्या वेळात ‘पुश टिट’ आणखी दहादा म्हणून होतं.