नन्न चिमी

"ताई, लेकीच्या शाळेच्या पहिल्या दिवसावर तुम्ही ती कविता कशी लिहिलीत? आम्ही लिहायला बसलो की एकतर नुसतं कौतुक होतं नाहीतर रडगाणं."

पहिल्या खेपेला माझंही दोन्ही झालं होतं. ती शाळेत गेली त्याच रात्री मी वहीत जे लिहिलं त्यात गगनभरारी होती, इवली पावलं होती, उद्याचा सूर्य होता. सकाळी वाचलं तर ते कुणाच्याही पोरीला चाललं असतं, वाढदिवसाच्या कार्डावर छापलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मग दुसऱ्यांदा लिहिलं, त्यात "लेक चालली", "ओलांडला उंबरा", "माझं अंगण सुनं" असलं सगळं आलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की ही तर लग्नातली पाठवणी झाली की! आपल्या मराठीत लेक घराबाहेर पडली की हे शब्द आपोआप येऊन बसतात, आज्जीच्या जात्यावरच्या ओव्यांपासून ते कानात आहेत. पण माझी पोर सासरी जात नव्हती, साडेतीनला परत येणार होती. म्हणून तेही पान फाडलं.

मग मी एक केलं. त्या दिवशी डोळ्यांनी काय बघितलं तेवढंच ओळीनं मांडलं, मला काय वाटलं ते बाजूला ठेवलं. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, शाळा मराठी, पण पहिलीपासून कन्नड विषय आहेच. शाळेत दुपारचं जेवण करणारी आक्का शेजारच्या गावची, तिला मराठी कळतं पण बोलणं कन्नडच. मला हे माहीत होतं म्हणून मे महिनाभर मी चिमीला एकच वाक्य शिकवत होते, कुणी "निन्न हेसरेनु" म्हणजे तुझं नाव काय असं विचारलं तर "नन्न हेसरु" म्हणायचं आणि पुढं कागदावरचं, दाखल्यावरचं पूर्ण नाव सांगायचं. भांडी घासताना, केस विंचरताना, बसमध्ये सुद्धा. माझं स्वतःचं कन्नड बाजारापुरतं आहे, ऑफिसात फॉर्म भरायला गेले की अजून शब्द शोधावे लागतात, आणि पोरीला तसं होऊ नये ही माझी काळजी त्या एका वाक्यात सगळी साठली होती.

तर यादीत आलं ते असं: दप्तर इतकं मोठं की मागनं पाठच दिसत नव्हती. फाटकात बोट सोडताना कुणी घट्ट धरलंय ते कळत नव्हतं. आक्कानं दारातच खाली वाकून तेच विचारलं. आणि चिमीनं काय उत्तर दिलं. बस्स, चार गोष्टी. फुगे होते, तोरण होतं, गुलाबाचं फूल दिलं, ते सगळं मी सोडून दिलं, कारण त्यात कौतुक होतं पण काळजी नव्हती. दप्तरात मात्र दोन्ही आहे, पोर मोठी झाली म्हणून ते आलं आणि ते पाठीवर चढल्यावरच ती किती लहान आहे ते दिसलं. तुम्हाला अडतंय ते इथंच असं मला वाटतं, एका कडव्यात कौतुक आणि पुढच्या कडव्यात काळजी अशी वाटणी केली की कविता दुभंगते. एकच वस्तू अशी शोधायची की ज्यात दोन्ही एकदम आहे.

आता चाल. आधी आठ-आठ अक्षरांच्या ओळी करून बघितल्या, त्या पळत सुटायच्या, बडबडगीत झालं. मग मोठ्या अभंगाचा साचा घेतला, आमच्याकडं एकादशीच्या भजनाला तोच कानावर पडतो. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे "दप्तर" तीन अक्षरं. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही, बोटावर मोजता येतं. तो चौथा चरण तोकडा असतो ना, तिथं आवाज थांबतो, आणि मी फाटकाशी तशीच थांबले होते, पुढं जायची परवानगी नाही आणि मागं फिरायला पाय नाही.

मोजताना एक गंमत सापडली. "निन्न हेसरेनु" मोजलं तर बरोबर सहा! म्हणजे कन्नड वाक्य जसंच्या तसं चरणात बसलं, भाषांतर करायची गरजच राहिली नाही.

दप्तर पाठीला
झाकून टाकते
तरी ती चालते
ताठमाने

बोट सोडताना
घट्ट कोण धरी
ती की मीच खरी
कळेचना

आक्का विचारते
निन्न हेसरेनु
श्वास माझा जणू
अडकला

शिकवलेलं ते
नाव विसरली
हसून बोलली
नन्न चिमी

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आधी "डोळे पाणावले" होतं. एकतर ती सहा अक्षरं, म्हणताना टाळ चुकतो, आणि दुसरं म्हणजे आईनं रडून दाखवलं की ऐकणाऱ्याला काही करायला उरत नाही. "कळेचना" ठेवल्यावर माझी मोठी जाऊ ऐकता ऐकता गप्प झाली, तिचा पोरगा गेल्याच वर्षी हॉस्टेलला गेलाय. तिसऱ्या कडव्यात "अडकला" शब्द साधाच आहे, पण तो म्हणून झाल्यावर थोडं थांबा आणि मग चौथं म्हणा, घाई केली तर पोरीचं उत्तर वाया जातं. चौथ्यात "शिकवलेलं ते" ही ओळ मला अजून जरा जड वाटते, "ते" भरीचं आहे हे दिसतं, पण दुसरं काही सापडलं नाही आणि खोटं घालण्यापेक्षा ते बरं म्हणून ठेवलं.

शेवट मी रचलेला नाही. महिनाभर पाठ करून घेतलेलं दाखल्यावरचं नाव ती ऐन वेळी विसरली, मधला "हेसरु" गिळला आणि घरात हाक मारतो तेच नाव सांगून मोकळी झाली. मला त्या क्षणी वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी चुकली, आता आक्का हसणार. आक्का हसली खरी पण तिनं चिमीला कडेला ओढून गालावरनं हात फिरवला आणि आत घेऊन गेली, पोरीनं मागं वळून सुद्धा बघितलं नाही. मी फाटकाची कडी धरून उभी.

कविता लिहून झाल्यावर आठवड्यानं मी ती आक्कालाच म्हणून दाखवली. शेवटच्या चरणाला तिनं मला थांबवलं आणि विचारलं, हे पोरगी म्हणाली की तुम्ही? मी म्हटलं पोरगी. ती म्हणाली, अव्वा, "हेसरु" गळलं की त्याचा अर्थ "माझं नाव चिमी" असा राहत नाही. "नन्न चिमी" म्हणजे माझी चिमी.